प्रश्नाशिवाय आलेलं बिल : चाटी गल्लीतून विजापूरला निघालेल्या मालाचं प्रकरण

कर सल्लागाराच्या व्हॉट्सॲपवर रोज बिलांचे फोटो येतात आणि त्यातल्या बऱ्याच बिलांखाली एकही शब्द नसतो. "तपासून द्या" नाही, "बरोबर आहे का" नाही, नुसता फोटो. पाठवणाऱ्याच्या मनात काहीतरी खटकलेलं असतं, पण नेमकं काय विचारायचं हे त्याला सुचत नाही. अशा वेळी "काय पाहू?" असा उलटा प्रश्न टाकला तर समोरून "सगळं बघा की" एवढंच उत्तर येतं आणि मधे अर्धा दिवस जातो. म्हणून मी आधी बिल वाचते, मग विचारते. बिल नीट वाचलं की विचारायच्या गोष्टी दोन-तीनच उरतात, आणि त्यांचं उत्तर देणं दुकानदाराला सोपं जातं.

इथे मांडलेलं प्रकरण जानेवारी २०२६ मधलं, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतलं आहे. चाटी गल्लीतल्या एका घाऊक दुकानदार काकांनी संध्याकाळी बिलाचा फोटो पाठवला. दुकान टॉवेल, चादरी आणि बेडकव्हरचं, वर्षाची उलाढाल दीड-दोन कोटींच्या आसपास. बिल विजापूरच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने होतं. दुकानात नुकताच कामाला लागलेला मुलगा एक्सेलमध्ये बिलं बनवत होता, हे मला आधीच ठाऊक होतं. फोटोतला मजकूर असा :

| माल | एचएसएन | नग | दर (₹) | रक्कम (₹) | कराचा दर |
|---|---|---|---|---|---|
| टेरी टॉवेल | ६३०२ | २०० | १६५ | ३३,००० | ५% |
| सोलापुरी चादर | — | ४० | ४८० | १९,२०० | ५% |
| डबल बेडकव्हर | ६३०४ | १० | २,७०० | २७,००० | १२% |
| पॅकिंग व हमाली | — | — | — | १,२०० | १८% |

त्याखाली एकूण रक्कम ७९,२००, सीजीएसटी ३,०३३, एसजीएसटी ३,०३३, मग "सूट १०% (बेडकव्हर)" म्हणून २,७०० वजा आणि शेवटी देय रक्कम ८२,५६६. अक्षरी रक्कमही तीच होती. बिल दिसायला व्यवस्थित होतं, रेघा सरळ, वर दुकानाचं नाव ठळक. पण त्यात लहानमोठ्या बऱ्याच चुका होत्या. त्या एकमेकींना अशा झाकत होत्या की शेवटच्या आकड्यावरून कुणालाही शंका आली नसती.

आधी दोन अंक

मालाच्या ओळींकडे जाण्याआधी मी दोन्ही जीएसटी क्रमांकांचे पहिले दोन अंक पाहते. ते राज्याचे असतात. काकांचा क्रमांक २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्र. खरेदीदाराचा २९ ने, म्हणजे कर्नाटक. माल ट्रान्सपोर्टने विजापूरला पोचवायचा होता. मालाचा प्रवास जिथे संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण, असा एकात्मिक कर कायद्याच्या कलम १० चा नियम आहे. त्यामुळे हा आंतरराज्य व्यवहार झाला आणि त्यावर एकच कर लागतो, आयजीएसटी. बिलात मात्र राज्यातल्या राज्यात विक्री असल्यासारखे केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असे दोन भाग केले होते.

सोलापुरात ही चूक वरचेवर होते आणि तिचं कारण भूगोलात आहे. विजापूर इथून साधारण शंभर किलोमीटर, पुणे त्याच्या दुपटीहून जास्त लांब. भीमा ओलांडली की कर्नाटक. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, दर महिन्याला येतं, त्यामुळे ते "बाहेरच्या राज्यातलं" वाटतच नाही. मुलाने पंढरपूरच्या गिऱ्हाइकाचं बिल उघडलं, नाव-पत्ता बदलला आणि कराच्या रकान्यांना हात लावला नाही.

दोन्ही प्रकारांत कराची बेरीज सारखीच येते, मग फरक कशाला, असं काका नंतर फोनवर म्हणाले. फरक खरेदीदाराला पडतो. महाराष्ट्राचा एसजीएसटी कर्नाटकात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या काही उपयोगाचा नाही, त्याचं क्रेडिट घेऊन तो स्वतःच्या करातून वजा करता येत नाही. काकांनी हे बिल पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र दाखवून रिटर्नमध्ये टाकलं असतं, तर खरेदीदाराला पोर्टलवर दिसणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, म्हणजे जीएसटीआर-२बी मध्ये, ते "क्रेडिट मिळणार नाही" या भागात गेलं असतं. महिनाभराने तो व्यापारी कराएवढे पैसे कापून बाकी पाठवतो आणि मग भांडण सुरू होतं. काकांना सरकारकडे आयजीएसटी पुन्हा भरावा लागतो आणि चुकून भरलेल्या कराचा परतावा मागावा लागतो. अशा प्रकरणात व्याज लागत नाही, पण पैसे अडकतात.

याला आणखी एक बाजू आहे आणि त्या संध्याकाळी तीच जास्त तातडीची होती. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ई-वे बिलाची, म्हणजे माल रस्त्याने नेण्याआधी पोर्टलवर काढायच्या कागदाची, मर्यादा १ लाख रुपये आहे. राज्याबाहेर जात असेल तर ५०,०००. बिल स्थानिक समजून बनवल्यामुळे ८२ हजारांच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, असं मुलाने गृहीत धरलं होतं. म्हणजे कराचा प्रकार चुकला आणि त्याच्या मागोमाग ई-वे बिलही राहिलं. असा माल रस्त्यात अडवला गेला आणि मालक सोडवायला पुढे आला, तर दंड त्या मालावरच्या कराच्या दुप्पट होतो. बिलावर "पुरवठ्याचं ठिकाण" हा रकाना नव्हता. तो आंतरराज्य बिलावर राज्याच्या नावासह सक्तीचा आहे. तो रकाना असता आणि मुलाला तिथे "कर्नाटक" लिहावं लागलं असतं, तर त्याचा हात कदाचित तिथेच थांबला असता.

बेडकव्हरचा १२ टक्के

मग दरांकडे आले. बेडकव्हरपुढे १२% पाहिल्यावर ते चूक आहे हे लगेच सांगता येत होतं, पण बरोबर काय हे लगेच सांगता येत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

टॉवेल, चादरी, बेडकव्हर या सगळ्या एचएसएन या मालाच्या वर्गवारीतल्या प्रकरण ६३ मधल्या तयार कापडी वस्तू. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत नगाची विक्री किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५% आणि त्यावर १२% असा नियम होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही सीमा २,५०० रुपयांवर गेली : तिथपर्यंत ५%, त्यावर १८%. मधला १२% या मालासाठी उरलाच नाही. मुलाने जुन्या फाइलची नक्कल घेतली होती आणि तिच्यात हजाराच्या वरच्या नगाला १२% लावणारं सूत्र तसंच राहिलं होतं. म्हणून टॉवेल आणि चादर बरोबर आली आणि बेडकव्हर चुकलं.

आता ५ की १८? बिलात दर २,७०० लिहिला आहे. तो धरला तर १८%. पण खाली दहा टक्के सूट वजा केली आहे, तीही फक्त बेडकव्हरवरची. सूट धरली तर नग २,४३० ला पडतो आणि दर ५% होतो. सूट बिलातच दाखवलेली असेल तर ती वजा करून उरते तीच करासाठीची किंमत, असं केंद्रीय कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. इथे सूट बिलात होती खरी, पण ती कर लावून झाल्यावर, अगदी तळाशी वजा केली होती. त्यामुळे कर पूर्ण २७,००० वर लागला होता. सूट कराच्या आधी त्या ओळीतच वजा व्हायला हवी होती.

ही सूट खरंच बेडकव्हरची आणि आधीच ठरलेली आहे का, की "बिल लवकर चुकतं करा, दहा टक्के सोडतो" या स्वरूपाची आहे, हे कागदावरून कळत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न तो होता.

दुसरा प्रश्न पॅकिंगचा, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण हे बहुतेक जण पाहत नाहीत. मालासोबत घेतलेलं पॅकिंग, हमाली, भाडं हे वेगळी सेवा म्हणून १८% ला लावायची सवय बाजारात आहे. पण माल विकणाराच ते करून देतो आणि त्याच बिलात घेतो, तेव्हा ते मालाच्या किमतीचाच भाग होतं आणि त्याला मालाचाच दर लागतो. म्हणजे १,२०० रुपयांवर १८% नाही, मालाला जो दर तोच.

पण पॅकिंग किमतीचा भाग झालं की ते नगाच्या किमतीतही मिसळतं. बेडकव्हर २,४३० ला आहे, सीमा २,५०० ची. मधे फक्त ७० रुपयांचं अंतर आहे. पॅकिंग सगळ्या मालाचं मिळून असेल आणि मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटलं, तर बेडकव्हरच्या वाट्याला ३८१ रुपये येतात, नगामागे ३८. किंमत होते २,४६८ आणि ५% टिकतो. पण समजा टॉवेल-चादरी नुसत्या दोरीने बांधून दिल्या आहेत आणि १,२०० चं पॅकिंग फक्त दहा बेडकव्हरच्या खोक्यांचं आहे. मग नगामागे १२० रुपये वाढतात, किंमत २,५५० होते आणि त्या ओळीवर १८% लागतो. एका "पॅकिंग" शब्दावर एवढा फरक अवलंबून होता.

याच्या उलट एक भीती दुकानदारांना उगाच असते. २,४३० वर ५% धरले की नग २,५५१ रुपये ५० पैशांना पडतो, मग तो २,५०० च्या वर गेला का? नाही. सीमा कराशिवायच्या किमतीवर मोजायची.

बेरीज कुठे गळाली

एक्सेलच्या बिलात गुणाकार सहसा चुकत नाही. तरी प्रत्येक ओळ मी कॅल्क्युलेटरवर करते. चारही ओळी बरोबर होत्या. मग कर उलटा तपासला : ५२,२०० वर ५% म्हणजे २,६१०, बेडकव्हरवर १२% म्हणजे ३,२४०, पॅकिंगवर १८% म्हणजे २१६. बेरीज ६,०६६, त्याचे दोन सारखे भाग ३,०३३. म्हणजे लिहिलेले दर धरले तर कराची आकडेमोडही बरोबर.

चुकली होती ती एकूण रक्कम. चार ओळींची बेरीज ८०,४०० येते, बिलात ७९,२०० होती. फरक १,२००.

असा फरक सापडला की लगेच पुन्हा बेरीज करत बसू नये, आधी त्या फरकाकडे नीट पाहावं. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, ८३,७६६ चं ८३,६७६ व्हावं तशी. फरक एखाद्या ओळीच्या दुप्पट असेल तर ती ओळ मिळवायच्या जागी वजा झालेली असते. आणि फरक बरोबर एखाद्या ओळीएवढा असेल तर ती ओळ बेरजेतून सुटलेली असते. इथे १,२०० म्हणजे हुबेहूब पॅकिंगची ओळ. मुलाने ती बेरजेच्या पट्ट्याखाली नवीन घातली होती आणि सूत्र वरच्या तीन ओळींवरच थांबलं होतं :

```
=SUM(E5:E7)
```

ते `=SUM(E5:E8)` हवं होतं. कराचं सूत्र मात्र ओळीओळीने होतं, त्यामुळे पॅकिंगवरचा २१६ रुपये कर बिलात आला आणि मूळचे १,२०० रुपये आलेच नाहीत. ज्या रकमेवर कर घेतला ती रक्कमच बिलात नव्हती.

आता सगळं एकत्र करून पाहू. सूट ओळीत वजा केली आणि पॅकिंग सगळ्या मालाचं धरलं तर करयोग्य रक्कम अशी : ३३,००० अधिक १९,२०० अधिक २४,३०० अधिक १,२००, म्हणजे ७७,७००. त्यावर ५% आयजीएसटी ३,८८५. एकूण ८१,५८५.

बिलात होतं ८२,५६६. फरक फक्त ९८१ रुपयांचा. पण आत पाहिलं तर कर २,१८१ रुपयांनी जास्त घेतला होता आणि मालाचे १,२०० रुपये कमी. दोन चुका उलट्या दिशेने गेल्या आणि शेवटचा आकडा ओळखीच्या रकमेजवळ येऊन थांबला. काकांच्या डोक्यात या मालाचा अंदाज "ब्याऐंशीच्या आसपास" होता आणि बिलही ब्याऐंशीच्या आसपासच आलं. म्हणूनच शेवटच्या रकमेवरून बिल बरोबर ठरवू नये असं मी सगळ्या दुकानदारांना सांगते. करयोग्य रक्कम आणि कर हे दोन आकडे वेगवेगळे जुळले पाहिजेत.

शिवाय जास्त घेतलेला कर दुकानदाराला ठेवता येत नाही. कर म्हणून जे गोळा केलं ते सरकारात भरावंच लागतं, दर चुकीचा असला तरीही. म्हणजे काकांच्या हातात मालाचे १,२०० कमी आले असते आणि जास्तीचा कर तर त्यांचा नव्हताच.

सक्तीच्या रकान्यांत काय नव्हतं

जीएसटी नियम ४६ मध्ये कर बिलावर काय काय असलं पाहिजे याची यादी आहे. ती सगळी इथे उतरवत नाही. या बिलात जे खटकलं तेवढंच सांगते.

बिल क्रमांक होता `SLP/CHG/2025-26/0418`. नियमाप्रमाणे क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा, आणि तिरप्या रेघा, आडव्या रेघा हीही अक्षरं म्हणूनच मोजली जातात. हा वीस अक्षरांचा होता. आधीच्या बिलापर्यंत काकांची पद्धत `SLP/25-26/0417` अशी होती, चौदा अक्षरांची. मुलाने हौसेने गल्लीचं नाव आणि पूर्ण साल घातलं. पोर्टल एवढा लांब क्रमांक घेत नाही. मग रिटर्न भरताना कुणीतरी तो छाटून टाकतं, आणि खरेदीदाराच्या हातातल्या कागदावर एक क्रमांक, पोर्टलवर दुसरा, असं होऊन बसतं.

खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक मोजला तर पंधरा अक्षरं भरली. पण त्याची रचना ठरलेली असते : पहिले दोन अंक राज्याचे, मग पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार अंक आणि एक अक्षर, त्यानंतर नोंदणीचा क्रम, मग बहुतेक वेळा Z आणि शेवटी तपासणीचं एक चिन्ह. या बिलात नवव्या जागी, जिथे अंक असायला हवा तिथे, O हे अक्षर टाइप झालं होतं. शून्याच्या जागी ओ. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा शेजारच्या शून्यापेक्षा ते जरा गोल आणि रुंद दिसत होतं. अशी शंका आली की अंदाजाने दुरुस्त करू नये. `gst.gov.in` वर करदाता शोधण्याच्या सोयीत क्रमांक टाकून नाव जुळतं का ते पाहावं. शून्य घालून टाकल्यावर खरेदीदाराचं नाव आलं, नोंदणीही चालू होती.

चादरीच्या ओळीत एचएसएन नव्हता. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीकृत खरेदीदाराच्या बिलावर चार अंक पुरतात, पण ते हवेत. सोलापुरी चादर पांघरूण म्हणून ६३०१ मध्ये घालायची की बेडकव्हरसारखी ६३०४ मध्ये, यावर मी फोटो पाहून मत दिलं नाही. ज्या कारखान्याकडून माल घेतला त्याच्या खरेदी बिलावर काय आहे ते पाहा, असं सांगितलं. दोन्हीकडे दर तोच ५%, त्यामुळे ही गोष्ट माल अडवण्याइतकी मोठी नव्हती.

रिव्हर्स चार्ज, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायची पद्धत, लागू आहे की नाही हे लिहिलेलं नव्हतं आणि सही नव्हती. सही कदाचित छापल्यावर होणार होती, म्हणून तिला मी चूक धरली नाही, फक्त आठवण केली. पाच कोटींच्या आतली उलाढाल असल्यामुळे ई-इनव्हॉइस आणि क्यूआर कोडचा प्रश्न इथे नव्हता.

उत्तर कसं दिलं

सगळं पाहून झाल्यावर लांबलचक यादी पाठवायचा मोह होतो. पण गड्ड्याच्या गर्दीत दुकानावर बसलेला माणूस बारा मुद्दे वाचत नाही. तो पहिला वाचतो आणि फोन करतो. म्हणून माल निघण्याआधी काय बदललंच पाहिजे तेवढं मी वर ठेवलं :

"काका, हे बिल द्यायचं थांबवा, मालही सोडू नका. खरेदीदार कर्नाटकातला आहे, आयजीएसटी लागेल आणि ई-वे बिलही लागेल. बेडकव्हरला आता १२ टक्के नाही. पॅकिंगचे १,२०० बेरजेत आलेले नाहीत. दोनच गोष्टी सांगा : बेडकव्हरची दहा टक्के सूट ऑर्डर घेतानाच ठरली होती का? आणि पॅकिंग सगळ्या मालाचं आहे की फक्त बेडकव्हरचं? बाकी बारीक दुरुस्त्या फोनवर सांगते."

काकांचा लगेच फोन आला. "ताई, बरं झालं ओ, मला ते बारा टक्के बघूनच कसंतरी वाटत होतं, पण पोरगा म्हणाला कॉम्प्युटरने काढलंय." माल अजून दुकानातच होता, सकाळी ट्रान्सपोर्टला जायचा होता. सूट ऑर्डर घेतानाच ठरली होती, दर २,४३० असाच बोललेला होता. २,७०० हा फक्त दरपत्रकातला आकडा. पॅकिंग सगळ्या मालाचं होतं, टॉवेल, चादरी आणि बेडकव्हर एकत्र गासड्यांत बांधलेली, हमाली त्यातच. दोन्ही उत्तरांनी ५% पक्का झाला. उत्तरं उलटी आली असती तर बिल वेगळं झालं असतं. म्हणून "बेडकव्हरला ५ टक्के करा" असं मी पहिल्या निरोपात लिहिलं नव्हतं, "१२ नाही" एवढंच लिहिलं होतं. जेवढं कागद सांगतो तेवढंच ठामपणे बोलावं, बाकीचं विचारावं.

बिल अजून खरेदीदाराला दिलेलं नव्हतं आणि कुठे नोंदलेलंही नव्हतं, त्यामुळे ते रद्द करून जुन्याच पद्धतीने `SLP/25-26/0418` या क्रमांकाने नवीन बनवलं. सूट बेडकव्हरच्या ओळीत, पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक (२९), रिव्हर्स चार्जसमोर "नाही". नव्या बिलावर मुलाने रकमा भरल्यावर काकांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली आणि मगच ८१,५८५ चा फोटो पाठवला. ई-वे बिल सकाळी ट्रान्सपोर्टकडून गाडी क्रमांक मिळाल्यावर पूर्ण झालं. बिलाची मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी गाडीसोबत, तिसरी दुकानात.

एक काम मात्र शिल्लक होतं. ती एक्सेल फाइल सप्टेंबरच्या आधीपासून चालत आलेली होती, म्हणजे २२ सप्टेंबरनंतर हजाराच्या वरचा जो जो नग तिच्यातून विकला गेला त्यावर १२% लागलेला असणार. मी काकांकडे तेव्हापासूनची सगळी बिलं मागितली आणि फक्त कराच्या रकान्यात १२ शोधले. अशी काही बिलं निघाली, सगळी महाराष्ट्रातल्या दुकानदारांची आणि सगळे नग २,५०० च्या आतले. तिथे जास्त कर लागला होता. त्यासाठी प्रत्येक बिलावर क्रेडिट नोट काढायची, जास्तीची रक्कम त्या दुकानदाराला परत करायची आणि त्याने क्रेडिट घेतलं असेल तर तेवढं त्याला कमी करायला सांगायचं. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या बिलांच्या क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच्या रिटर्नमध्ये दाखवता येतात, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. काकांनी यात्रा संपल्यावर पहिल्या आठवड्यात त्या काढायला घेतल्या, आणि एक्सेलमधलं सूत्र त्याआधीच बदलून घेतलं : २,५०० पर्यंत ५, त्यावर १८, आणि सूट वजा झाल्यानंतरच्या दरावर.